रात्रीची पाटी

दुकानावरची पाटी म्हणजे दुकानदाराने रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाशी केलेले बोलणे होय. कापडाच्या किंवा मिठाईच्या दुकानावरील पाटी जरा लांबण लावून बोलली, तरी कोणाचे काही बिघडत नाही. वाचणारा फुरसतीत असतो. त्याला मौज वाटली तर तो थांबतो, नाही तर पुढे जातो. परंतु औषधाच्या दुकानाची पाटी रात्री वाचणारा मनुष्य निराळ्याच मनःस्थितीत असतो. घरी मूल तापाने फणफणलेले असते, किंवा आजोबांचा दमा उसळलेला असतो. हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि बहुतेक दुकानांची दारे लागलेली असतात. अशा माणसाला पाटीकडून दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. हे दुकान आता उघडे आहे काय? आणि मला हवे ते येथे मिळेल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे जी पाटी थोडक्यात, स्वच्छ आणि खरी देते, तीच रात्रीच्या वेळी भरवशाची. अशी पाटी कशी लिहितात, ते आपण या पाठात पाहू.

यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याच्या एका जुन्या पेठेत औषधाचे एक लहानसे दुकान आहे. लोक त्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. दुकानाचे मालक स्वतः नोंदणीकृत औषधनिर्माते आहेत, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी सरकारदरबारी आपले नाव नोंदविले आहे. दुकान सकाळी आठ वाजता उघडते. पूर्वी ते रात्री नऊला बंद होत असे. आता मालकांनी ते रात्री एक वाजेपर्यंत चालू ठेवण्याचे ठरविले आहे. फक्त रविवारी मात्र ते पूर्वीप्रमाणे नऊलाच बंद होणार आहे. नव्या वेळेसाठी नवी पाटी हवी, म्हणून मालकांनी एका कागदावर मजकूर लिहून काढला आणि तो पाटी करणाऱ्या रंगाऱ्याच्या हाती दिला. मजकूर असा होता :

“आपल्या सेवेत सदैव तत्पर! अहोरात्र अखंड व विश्वासू सेवा. सर्व प्रकारची औषधे केव्हाही मिळतील.”

रंगारी वयाने तरुण. पण त्याचे वडीलही हेच काम करीत असल्यामुळे अक्षरांची जाण त्याच्या हाडीमाशी खिळलेली होती. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, “काका, दुकान रात्री दोन वाजता उघडे असेल का?”

“छे रे, एकला बंद होणार,” मालक म्हणाले.

“मग ‘अहोरात्र’ कसे लिहू? अहोरात्र म्हणजे अहन् आणि रात्र, दिवस आणि रात्र दोन्ही. दोन वाजता कोणी धावत आला, तर त्याला आपली पाटी दिसेल आणि बंद दार दिसेल.”

मालकांनी ‘अहोरात्र’ खोडले. ‘अखंड’ आणि ‘सदैव’ हे शब्दही त्याच कारणाने गेले. मग रंगाऱ्याने ‘सर्व प्रकारची औषधे’ या शब्दांवर बोट ठेवले. औषधे हजारो प्रकारची असतात. पेठेतल्या लहान दुकानात ती सगळी कोठून असणार? ‘केव्हाही मिळतील’ यात तर आणखी एक अडचण होती. कित्येक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. ती केव्हाही आणि कोणालाही मिळतील असे लिहिणे म्हणजे जे करता येत नाही व करू नये, त्याचे वचन देणे होय. तेही शब्द गेले. राहता राहिला ‘विश्वासू’ हा शब्द. तो खोटा नव्हता. पण विश्वासू हे विशेषण दुसऱ्याने आपल्याला लावायचे असते. जो स्वतःच स्वतःला विश्वासू म्हणवितो, त्याच्याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात उलट शंकाच उभी राहते. शिवाय त्या शब्दाने घाईत आलेल्या माणसाला काहीच कळत नाही. दुकान उघडे आहे की नाही, हे ‘विश्वासू’ शब्द सांगू शकत नाही.

अशी काटछाट होता होता कागदावर ‘औषधे मिळतील’ एवढेच दोन शब्द उरले. मजकूर लहान झाला, पण निदान तो खरा झाला. आता त्यात खरी माहिती भरावयाची होती.

मालकांनी सुचविले, “उशिरापर्यंत उघडे, असे लिही.” हे वाक्य खरे होते, पण ते पुरेसे नव्हते. ‘उशीर’ हा शब्द प्रत्येकाच्या मनात निरनिराळा असतो. लवकर झोपणाऱ्या घरात दहा म्हणजे उशीर. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्याला बारा वाजले तरी तो उशीर वाटत नाही. साडेबाराला औषधासाठी बाहेर पडावे की पडू नये, याचा निर्णय ‘उशिरापर्यंत’ या शब्दावरून घेता येत नाही. येथे निश्चित वेळच हवी. म्हणून ओळ ठरली : ‘रात्री १ पर्यंत उघडे’.

परंतु रंगाऱ्याने भिंतीवर खडूने ‘१’ हा आकडा काढला, त्याच्या शेजारी ‘९’ काढला, आणि मालकांना रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहण्यास सांगितले. देवनागरी लिपीतील हे दोन आकडे दुरून फार सारखे दिसतात. दोघांनाही वर वाटोळे डोके आणि खाली लांब शेपूट असते. फरक असतो तो एका लहानशा वळणाचा. रात्रीच्या उजेडात ते वळण पुसले जाते. शिवाय हे दुकान नऊला बंद होते, हे पेठेतील लोकांच्या अनेक वर्षांच्या सवयीचे होते. ज्याच्या मनात आधीच ‘नऊ’ आहे, तो ‘१’ पाहूनही ‘९’च वाचणार आणि दुकान बंद असेल असे समजून परत फिरणार! एका वळणामुळे चार तासांची चूक व्हायची. तिच्यावर उपाय सोपा होता. आकडा न घालता अक्षरांत लिहावयाचे : ‘रात्री एक वाजेपर्यंत उघडे’. ‘एक’ आणि ‘नऊ’ या शब्दांत घोटाळा होण्याचा संभव नाही.

आता अक्षरे केवढी काढावयाची, हा प्रश्न होता. तो अंदाजाने सोडवीत नाहीत; त्याला गणित आहे. पेठेतील रस्त्यावरून रात्री स्कूटरवर येणारा मनुष्य ताशी १८ किलोमीटर वेगाने येतो असे धरू. म्हणजे तो एका सेकंदात ५ मीटर पुढे सरकतो. पाटी त्याला २५ मीटरांवरून वाचता आली, तर दुकानापाशी पोहोचेपर्यंत त्याला ५ सेकंद मिळतात. त्यातही त्याचे निम्मे लक्ष रस्त्यावरील खड्ड्यांकडे आणि समोरच्या दिव्यांकडे असते. एवढ्या वेळात तो चारपाच शब्द सुखाने वाचील. त्याहून अधिक नाही. मूळ मजकुरात चौदा शब्द होते, हे येथे ध्यानात आणावे.

अक्षरांच्या उंचीविषयी पाटी करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : दर दहा फूट अंतराला अक्षर एक इंच उंच असावे. २५ मीटर म्हणजे सुमारे ८२ फूट. तेव्हा अक्षर निदान ८ इंच उंच हवे. येथे देवनागरी लिपीचे एक वैशिष्ट्य विसरून चालत नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार असतात. म्हणून ८ इंच उंचीच्या अक्षरांची एक ओळ पाटीवर सुमारे १२ इंच जागा घेते. दुकानाची पाटी ३ फूट, म्हणजे ३६ इंच उंच होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांच्या दोनच ओळी बसू शकत होत्या. त्यांना २४ इंच लागले. उरलेल्या जागेत ५ इंच उंचीच्या अक्षरांची एक लहान ओळ मावत होती. ती मात्रांसह ८ इंच घेई. बाकीचे ४ इंच कडांसाठी मोकळे सोडावे लागले. मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. अक्षरे कडेला चिकटली की ती दुरून चौकटीत मिसळून जातात.

पाटीवर आतून प्रकाश पडणार होता. त्यामुळे आणखी एक विचार करावा लागला. काळ्या रात्री उजळलेली गोष्ट डोळ्यांना असते त्याहून मोठी व पसरट दिसते. गडद पाटीवर अक्षरेच उजळत असतील, तर अक्षराच्या रेषा फुगल्यासारख्या दिसतात आणि त्यांमधील बारीक पोकळ्या बुजतात. ‘औषध’ या शब्दात हा धोका मोठा आहे. ‘ष’ मधील तिरपी रेघ आणि तिच्या बाजूंच्या पोकळ्या एक झाल्या, की ‘ष’चा ‘प’ होतो; आणि ‘ध’ची वरची फट मिटली की त्याचा ‘घ’ होतो. मग दुरून वाचणाऱ्याला ‘औषध’ न दिसता भलताच शब्द दिसू लागतो. म्हणून उजळणाऱ्या अक्षरांची रेघ नेहमीपेक्षा बारीक ठेवावी आणि दोन अक्षरांत अंतर थोडे अधिक सोडावे. उलट पाटीची जमीन उजळत असेल आणि अक्षरे काळी असतील, तर सभोवारचा उजेड अक्षरांना खातो. तेव्हा रेघ जाड हवी. आपल्या रंगाऱ्याने गडद हिरव्या जमिनीवर पांढरी अक्षरे काढली आणि रेघ जाणूनबुजून बारीक ठेवली.

मालकांच्या मनात तांबडी अक्षरे होती. दिवसा तांबडा रंग लक्ष वेधून घेतो, हे खरे. पण अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना तांबडा रंग काळसर दिसू लागतो, तर निळा व हिरवा तुलनेने उजळ दिसतात. तिन्हीसांजेला बागेत उभे राहून तांबडे फूल आणि हिरवे पान यांच्याकडे पाहिले, तर हे सहज अनुभवता येते. ज्या रात्री वीज जाईल, त्या रात्री गडद जमिनीवरील तांबडी अक्षरे जवळजवळ नाहीशीच होतील. मालकांना पाटीच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर तांबडा क्रूसही हवा होता. तो मात्र आपल्या देशात कोणत्याही दुकानाला लावता येत नाही. ते चिन्ह रेडक्रॉस संस्थेचे व सैन्यातील वैद्यकीय पथकांचे आहे आणि १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमानुसार इतरांना त्याचा उपयोग करण्यास बंदी आहे. म्हणून तेथे हिरवा क्रूस काढला. पाटीवर कोणते शब्द असावेत, यालाही नियम आहेत. १९४५ च्या औषधविषयक नियमांप्रमाणे, चिठ्ठीबरहुकूम औषधे स्वतः मिसळून तयार करण्याची सोय ज्या दुकानात असेल, त्यानेच आपल्या पाटीवर ‘फार्मसी’ असे लिहावयाचे असते. या दुकानात तयार औषधे तेवढी विकली जात, म्हणून ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ हेच नाव त्याला लागू होते. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी. दुसऱ्या भाषेतील अक्षरे घातली तर मराठी अक्षरे आधी असावीत व ती इतरांहून लहान नसावीत, हेही २०२२ मध्ये कायद्याने स्पष्ट झाले आहे.

एवढा विचार झाल्यावर मुख्य पाटी पुढीलप्रमाणे सिद्ध झाली. वरच्या ओळीत दुकानाचे नाव आणि ‘औषधविक्रेते’ हा शब्द. दुसऱ्या ओळीत ‘रात्री एक वाजेपर्यंत उघडे’. खालच्या लहान ओळीत ‘रविवारी रात्री नऊ वाजेपर्यंत’. ही शेवटची ओळ मालकांना नको होती.

“पाटीवर उणेपणा कशाला सांगायचा?” ते म्हणाले.

रंगारी म्हणाला, “काका, आठवड्यातले सहा दिवस तुम्ही दिलेला शब्द पाळणार. सातव्या दिवशी जो बंद दारापाशी येईल, तो घरी जाऊन सहा दिवसांचे सांगेल, की सातव्याचे?”

मालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही. ठळक लिही.”

मुख्य पाटी दुरून वाचणाऱ्यासाठी असते. दारापाशी आलेल्या माणसासाठी दुसरी, लहान पाटी लागते. तेथे तो उभा राहिलेला असतो. त्याला वाचायला वेळ असतो. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे द्यावे. या दुकानाच्या दाराशेजारी अशा दोन ओळी लिहिल्या : ‘डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी.’ आणि ‘औषधनिर्माते दुकानात हजर आहेत.’ दुसरी ओळ मात्र सरकत्या फळीवर लिहिली. मालक क्षणभर जरी बाहेर गेले, तरी ती फळी सरकवून ओळ झाकावयाची, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. कारण चिठ्ठीवरील औषध औषधनिर्मात्याच्या देखरेखीवाचून देता येत नाही. जे वाक्य कधी खरे तर कधी खोटे असते, ते पक्क्या रंगाने लिहू नये.

तिसरी जागा शटरची. शटरवरील मजकूर दुकान बंद झाल्यावरच दिसतो; म्हणून तो बहुतेक दुकानदारांना सुचतच नाही. पण रात्री दीड वाजता येणाऱ्याला तोच उपयोगी पडतो. तेथे लिहिले : ‘दुकान सकाळी आठ वाजता उघडेल. आता औषध हवे असल्यास जवळच्या रुग्णालयाच्या आवारातील दुकानात मिळेल. रुग्ण अत्यवस्थ असल्यास १०८ वर दूरध्वनी करावा.’ त्या रुग्णालयाचे नाव व तेथे जाण्याचा रस्ताही खाली लिहिला. तत्पूर्वी ते दुकान खरोखरीच रात्रभर उघडे असते की नाही, याची मालकांनी दोन रात्री स्वतः जाऊन खात्री करून घेतली. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. तो आकड्यांतच लिहावा लागतो, कारण तो दूरध्वनीवर दाबावयाचा असतो. म्हणून येथील ‘१’ मात्र मोठा, आणि वळणे उघडी ठेवून काढला. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पाठविणारी ही ओळ पाहून शेजारचा व्यापारी हसला. पण बंद असतानाही जे दुकान वाट दाखविते, त्याची आठवण माणूस विसरत नाही.

शेवटी एक गोष्ट उरली. पाटीवरील दिवा हेदेखील एक वाक्यच आहे. तो पेटलेला असला की ‘दुकान उघडे आहे’ असे तो न बोलता सांगतो. तो रात्रभर जळत राहिला, तर एक वाजल्यानंतर तो खोटे बोलतो. म्हणून पाटीचा दिवा दुकानातील दिव्यांच्याच बटणाला जोडला. दुकानात अंधार, तर पाटीवरही अंधार.

पाटी बसविल्यावर रंगाऱ्याने तिची परीक्षा घेतली. रात्री साडेबाराला २५ मीटरांवर, ज्याने मजकूर आधी पाहिला नव्हता अशा एका मुलाला उभे केले, पाच सेकंदांनी त्याला पाठ फिरविण्यास सांगितले आणि काय वाचले ते विचारले. ज्याने स्वतः मजकूर लिहिला, त्याला तो न वाचताही दिसतो. म्हणून परीक्षा नेहमी नवख्याकडूनच घ्यावी. मुलगा म्हणाला, “औषधविक्रेते. रात्री एकपर्यंत उघडे.” दुकानाचे नाव त्याला आठवले नाही. मालक थोडे हिरमुसले. पण रंगाऱ्याने आपले सामान समाधानाने आवरले. रात्री धावत येणाऱ्याला नाव नको असते. त्याला हवे ते मिळाले होते. पुढे महिनाभर मालकांनी एका वहीत नोंद ठेवली. ‘किती वाजेपर्यंत उघडे असते हो?’ असे विचारणारे पहिल्या आठवड्यात बरेच होते; महिन्याअखेरीस तो प्रश्न जवळजवळ थांबला. पाटीने आपले काम केले, याची याहून चांगली खूण नाही.

स्वाध्याय

१. मालकांनी लिहिलेल्या पहिल्या मजकुरातील कोणकोणते शब्द खोडले गेले? प्रत्येक शब्द का खोडला, ते एकेका वाक्यात लिहा.

२. ‘उशिरापर्यंत उघडे’ आणि ‘रात्री एक वाजेपर्यंत उघडे’ या ओळींत अर्थाचा कोणता फरक आहे?

३. वेळ अक्षरांत आणि १०८ हा क्रमांक आकड्यांत लिहिण्याची कारणे सांगा.

४. एका पाटीवरील अक्षरे ६ इंच उंच आहेत. पाठातील ठोकताळ्याप्रमाणे ती किती फुटांवरून वाचता येतील? ताशी १८ किलोमीटर वेगाने येणाऱ्यास ती वाचण्यास सुमारे किती सेकंद मिळतील? (१० फूट म्हणजे सुमारे ३ मीटर धरा.)

५. दुरून घोटाळा होईल अशा अक्षरांच्या आणखी दोन जोड्या शोधा आणि त्या अक्षरांचे प्रत्येकी दोन शब्द लिहा.

६. तुमच्या गावातील एखादे दुकान, पिठाची गिरणी किंवा वाचनालय निवडा. ते बंद असताना दारावर कोणता मजकूर असावा, तो वीस शब्दांच्या आत लिहा. मजकुरातील प्रत्येक गोष्ट खरी आहे याची आधी चौकशी करा.